चेहरा, स्क्रीन की बी-रोल: रिटेन्शनची तुलना करताना नेमके काय मोजावे

प्रश्न: मी तासगावहून शेतजमिनीच्या कागदपत्रांवर माहितीचे मराठी व्हिडिओ करतो. ‘डिजिटल सातबारा कसा काढायचा आणि कसा वाचायचा’ या ८ मिनिटांच्या व्हिडिओचे ऑडियन्स रिटेन्शन मी शॉटच्या प्रकारानुसार वेगळे काढले. शेवटचा निरोपाचा भाग सोडून सरासरी अशी आली: मी कॅमेऱ्यासमोर बोलतो ते भाग ६१ टक्के, बी-रोल ४९ टक्के, स्क्रीन रेकॉर्डिंग ४७ टक्के. व्ह्यूज ९०० आहेत. यावरून स्क्रीन रेकॉर्डिंग कमी करून चेहरा वाढवावा का? प्रत्येक भागाची वेळ आणि टक्के सोबत जोडले आहेत.

उत्तर:

नाही, निदान या आकड्यांवरून तरी तसे ठरवू नका. आपणच पाठवलेले टक्के थोड्या वेगळ्या रीतीने मांडले, तर नेमके उलटे चित्र दिसते: स्क्रीन रेकॉर्डिंग आपले काम नीट करत आहे आणि शंका घ्यायची असेल तर ती बी-रोलवर, म्हणजे बोलणे चालू असताना वर दाखवलेल्या इतर दृश्यांवर, घ्यावी लागते.

सरासरीत चूक कुठे होते ते आधी पाहू. रिटेन्शनची रेघ ही उतरणीची रेघ आहे. पहिल्या सेकंदाला १०० टक्के प्रेक्षक असतात आणि पुढे ते कमी होत जातात. म्हणून व्हिडिओच्या सुरुवातीला जे काही दाखवाल त्याची सरासरी जास्त येणार आणि शेवटाकडे जे दाखवाल त्याची कमी येणार, मग शॉट कोणताही असो. आपल्या व्हिडिओत पहिली ५० सेकंदे आपण स्वतः बोलत आहात, त्यामुळे सगळ्यात गर्दीची वेळ चेहऱ्याच्या खात्यावर जमा झाली आहे. स्क्रीन रेकॉर्डिंग दीड मिनिटानंतर सुरू होते, म्हणजे त्याच्या वाट्याला आधीच ६० टक्क्यांवर आलेले प्रेक्षक येतात. जे ४० टक्के त्याच्या आधीच निघून गेले, त्यांचा दोष स्क्रीनच्या माथी मारणे योग्य नाही.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: एखादा भाग सुरू होताना जेवढे प्रेक्षक हजर होते, त्यांतले दर मिनिटाला किती टक्के त्या भागात गळाले? याला मी गळतीचा दर म्हणतो. तो काढण्यासाठी शीटमध्ये A स्तंभात भागाची सुरुवात सेकंदांत, B मध्ये शेवट सेकंदांत, C मध्ये सुरुवातीचे रिटेन्शन आणि D मध्ये शेवटचे रिटेन्शन लिहावे. पाचव्या स्तंभात हे सूत्र टाकावे आणि त्या स्तंभाला टक्केवारीचे फॉरमॅट द्यावे.

```
=1-(D2/C2)^(60/(B2-A2))
```

भाग ४० सेकंदांचा असो की अडीच मिनिटांचा, या सूत्राने सगळे एका मापात येतात. आपले आकडे यात भरले की असे दिसते:

| भाग | वेळ | सुरुवातीस | शेवटी | मिनिटाला गळती |
|---|---|---|---|---|
| चेहरा १ | ०:०० ते ०:५० | १०० | ६८ | ३७ टक्के |
| बी-रोल १ | ०:५० ते १:३० | ६८ | ६० | १७ टक्के |
| स्क्रीन १ | १:३० ते ४:०० | ६० | ४५ | ११ टक्के |
| चेहरा २ | ४:०० ते ४:५० | ४५ | ४२ | ८ टक्के |
| स्क्रीन २ | ४:५० ते ६:३० | ४२ | ३५ | १० टक्के |
| बी-रोल २ | ६:३० ते ७:१० | ३५ | ३१ | १७ टक्के |

चेहऱ्याच्या दोन ओळींकडे बघा. माणूस तोच, खोली तीच, दिवा आणि माइकही तेच. तरीही एकात ३७ टक्के आणि दुसऱ्यात ८. हा फरक शॉटचा नसून जागेचा आहे. पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात चुकून आलेले, दुसरेच काही शोधणारे आणि नुसते डोकावणारे असे सगळे लोक निघून जातात, आणि ती गळती त्या वेळी पडद्यावर जो कोणी असेल त्याच्या नावावर चढते. त्यामुळे पहिले मिनिट शॉटच्या तुलनेतून पूर्णपणे बाहेर ठेवावे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा, असा माझा आग्रह आहे. बी-रोल १ सुद्धा याच कारणाने संशयाचा फायदा घेण्यास पात्र आहे, कारण तो त्या पहिल्या उतारालगतच येतो.

ही जागा वगळली की उरतात स्क्रीन १, चेहरा २, स्क्रीन २ आणि बी-रोल २. त्यांत चेहरा आणि स्क्रीन ८ ते ११ टक्क्यांच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे जवळजवळ सारखे. आणि साडेसहा मिनिटे बसून राहिलेल्या, अर्थात खरोखरच गरज असलेल्या प्रेक्षकांतूनही बी-रोल २ ने १७ टक्क्यांच्या दराने माणसे गमावली. इतक्या उशिरा दर पुन्हा चढणे ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण टिकून राहिलेल्या प्रेक्षकांत दर सहसा स्थिर राहतो किंवा उतरतो.

तरीही बी-रोल काढून टाका, असे मी लगेच म्हणणार नाही. आपल्या व्हिडिओचा तो भाग मी पाहिला. द्राक्षबाग, गावातला रस्ता, चावडीची पाटी अशी दृश्ये एकामागोमाग येतात आणि त्यांवर आपण पूर्वी उतारा मिळवायला किती हेलपाटे मारावे लागत, ते सांगता. प्रेक्षक कशाला कंटाळला, चित्राला की वाक्यांना? रकाने समजून घेण्यासाठी थांबलेल्या माणसाला त्या घडीला जुन्या आठवणी नको असणे स्वाभाविक आहे. तेच बोलणे आपण कॅमेऱ्यात बघून केले असते, तरी बहुधा तेवढेच लोक उठले असते. शॉटचा प्रकार आणि मजकुराचा प्रकार हे नेहमी हातात हात घालून येतात: चेहऱ्यावर आपण समजावतो, स्क्रीनवर कृती दाखवतो आणि सांगण्यासारखे फार नसते तिथे बी-रोल पेरतो. त्यामुळे बी-रोलचा दर वाईट दिसतो तेव्हा पुष्कळदा तो पोकळ मजकुराचा दर असतो.

माझ्या स्वतःच्या कामात मी ही चूक केली आहे. सांगलीच्या हळदीच्या सौद्यांवर एका व्यापारी पेढीसाठी माहितीचे व्हिडिओ करत असताना पहिल्या काहींमध्ये बी-रोलचा दर वाईट आला, म्हणून मी पुढच्यांतून तो जवळजवळ हद्दपार केला. नंतर जुने आलेख पुन्हा काढून पाहिले, तेव्हा लक्षात आले की आयर्विन पुलाचे वरून घेतलेले दृश्य आणि मार्केट यार्डातली गर्दी या ठिकाणी रेघ घसरली होती. पण व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, तो जवळून घेतलेला शॉट जिथे होता तिथे रेघ जवळजवळ आडवी होती. दोन्ही माझ्या वहीत ‘बी-रोल’ या एकाच नावाखाली होते. तेव्हापासून मी दोन खाती ठेवतो: ज्या वस्तूबद्दल वाक्य आहे तीच वस्तू दाखवणारे दृश्य, आणि केवळ वातावरणाचे दृश्य. आपणही आपल्या नोंदीत हा भेद करावा. पहिल्या खात्यातले दृश्य पुराव्यासारखे काम करते. दुसऱ्या खात्यातले आठ-दहा सेकंदांच्या वर गेले की मला तरी ते क्वचितच टिकलेले दिसले आहे.

आता स्क्रीन १ कडे येतो, कारण दर बरा असला तरी आपले खरे नुकसान तिथे आतल्या आत होत आहे, आणि सरासरी किंवा दर यांपैकी काहीच ते दाखवत नाही. त्यासाठी रेघेचा आकार पाहावा लागतो.

यूट्यूब अख्ख्या व्हिडिओचे १०० समान तुकडे करून प्रत्येकाचे रिटेन्शन देते. ॲनालिटिक्स एपीआयमधून घेतल्यास `elapsedVideoTimeRatio` आणि `audienceWatchRatio` या नावांनी तेच १०० बिंदू मिळतात. आपला व्हिडिओ ४८० सेकंदांचा असल्यामुळे एक बिंदू म्हणजे ४.८ सेकंद. यावरून एक मर्यादा लगेच कळते: तीन सेकंदांच्या शॉटबद्दल हा आलेख काहीही सांगू शकत नाही, आणि कट नेमका बिंदूच्या मधोमध पडला तर दोन्ही शॉट एकाच आकड्यात मिसळतात. म्हणून मी प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांचा एकेक बिंदू सोडून देतो आणि वीस सेकंदांपेक्षा लहान भाग स्वतंत्रपणे मोजतच नाही.

रेघेवर तीन आकार ओळखता यायला हवेत. रेघ एकदम खाली येऊन खालच्याच पातळीवर पुढे गेली, तर लोक व्हिडिओ सोडून गेले. खाली येऊन थोड्या वेळाने पुन्हा वर चढली, तर लोक गेलेले नाहीत, त्यांनी तेवढा भाग ओलांडला. मोबाइलवर दोनदा टॅप करून दहा-दहा सेकंद पुढे जाणारे प्रेक्षक असा खड्डा पाडतात. आणि रेघेवर उंचवटा आला, तर तिथे लोक मागे येऊन तोच भाग पुन्हा पाहत आहेत. असे पुन्हा पाहणेही मोजले जात असल्यामुळे एखाद्या बिंदूचे रिटेन्शन १०० टक्क्यांच्या वरसुद्धा जाऊ शकते. भागाच्या टोकावर उंचवटा असेल तर वरचे सूत्र फसवे उत्तर देते. अशा वेळी उंचवट्याच्या अलीकडची आणि पलीकडची सपाट पातळी धरून हिशेब करावा.

आपल्या स्क्रीन १ मध्ये गट नंबर टाकण्यापासून पंधरा रुपये भरण्यापर्यंतच्या पट्ट्यात असा एक ठळक उंचवटा आहे. तो पाहून आनंद होणे साहजिक आहे, आणि यूट्यूब स्टुडिओमध्येही तो ठळक क्षण म्हणूनच दिसतो. परंतु उंचवट्याची कारणे दोन असतात. कृती उपयोगी आहे म्हणून माणूस बघत-बघत ती स्वतःच्या मोबाइलवर करतो आणि मागे येतो, हे एक; आणि काय दाबले ते दिसलेच नाही म्हणून मागे येतो, हे दुसरे. यांतले कोणते, ते व्हिडिओखालचे अभिप्राय सांगतात. आपल्याकडे ‘कोणता पर्याय निवडला ते दिसत नाही’ अशा आशयाचे प्रश्न आहेत, तेव्हा कारण दुसरे आहे.

याचे मोजमापही करता येते. आपण मोबाइलची उभी स्क्रीन, १०८० बाय २४०० पिक्सेल, अख्खीच्या अख्खी १९२० बाय १०८० च्या आडव्या चौकटीत बसवली आहे. उंची १०८० वर आणल्यावर तिची रुंदी अवघी ४८६ पिक्सेल उरते आणि दोन्ही बाजूंना धूसर पट्टे येतात. आता हा व्हिडिओ प्रेक्षक मोबाइल उभा धरून पाहतो, तेव्हा यूट्यूबची आडवी चौकट त्याच्या हातात पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास उंच असते. मूळ स्क्रीन साधारण १५ सेंटिमीटर उंच होती. म्हणजे प्रत्येक अक्षर मुळाच्या एक चतुर्थांश झाले. संकेतस्थळावरचे तालुका आणि गावाचे रकाने धडधाकट डोळ्यांनाही त्या आकारात वाचता येणार नाहीत, मग साठीच्या शेतकऱ्याला कसे येतील? उपाय सोपा आहे. पूर्ण रुंदी ठेवून उंचीतला केवळ ६०८ पिक्सेलचा पट्टा कापा, म्हणजे ज्या रकान्यात त्या क्षणी टाइप करत आहात तो आणि त्याच्या आसपासचा भाग. १०८० बाय ६०८ हा पट्टा आडव्या चौकटीत काठोकाठ बसतो आणि उभ्या मोबाइलवर अक्षर मूळ आकाराचे दिसते. पुढच्या रकान्यावर जाताना पट्टा खाली सरकवायचा, एवढेच. त्याबरोबरच पान उघडेपर्यंत गोल फिरत राहणारी चक्रीसुद्धा पूर्ण कापा. ओटीपी येईपर्यंतची वाट प्रेक्षकाने आपल्यासोबत पाहण्याचे कारण नाही.

स्क्रीन १ च्या शेवटी, उतारा डाउनलोड होतो त्या क्षणी, एक पायरी खाली गेलेली आहे. तिची काळजी करू नका. ज्यांना फक्त उतारा काढायचा होता त्यांचे काम झाले आणि ते गेले. कोणताही शॉट त्यांना थांबवणार नाही, आणि थांबवण्याची गरजही नाही. फक्त ही पायरी चुकून पुढच्या चेहऱ्याच्या खात्यात जाऊ नये, म्हणून तिची सीमा नीट आखावी. चेहरा २ चा दर ८ टक्केच आला आहे, तो पायरी ओलांडून राहिलेल्या, उतारा वाचायला शिकू इच्छिणाऱ्या लोकांचा दर आहे. याचा दुसरा अर्थ असा की चेहरा २ आणि स्क्रीन १ यांचे प्रेक्षकही पूर्णपणे एक नाहीत, त्यामुळे ८ आणि ११ मधला फरक मी फरक मानत नाही. व्हिडिओला चॅप्टर लावले असतील तर ही अडचण वाढते, कारण लोक थेट मधल्या भागात उतरतात आणि रेघ एकाच जमावाची राहत नाही.

आता ९०० व्ह्यूजच्या बळावर कितपत बोलता येईल, ते पाहू. बी-रोल २ सुरू होताना ३५ टक्के म्हणजे ३१५ माणसे होती, संपताना २७९. सगळा निष्कर्ष गळालेल्या ३६ माणसांवर उभा आहे. अशा मोजणीत योगायोगाने होणारा चढउतार ढोबळमानाने आकड्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सहा धरतात, आणि सावधपणे त्याची दुप्पट. म्हणजे खरी संख्या २४ ते ४८ मध्ये कुठेही असू शकते आणि दर ११ ते २२ टक्के. स्क्रीन २ मध्ये ६३ माणसे गळाली. त्याच रीतीने तिचा दर ८ ते १३ टक्के येतो. हे दोन पट्टे टोकाला एकमेकांना शिवतात. म्हणून एका व्हिडिओवरून बी-रोल वाईट ठरला, असे म्हणता येणार नाही, संशय मात्र नक्की घेता येतो. अशाच लांबीचे आणि तेवढ्याच व्ह्यूजचे चार व्हिडिओ एकत्र केले, तर पट्ट्यांची रुंदी जवळजवळ निम्मी होते आणि फरक खरा असेल तर तो उघडा पडतो. एकत्र करताना दरांची सरासरी काढू नका. प्रत्येक प्रकारात आत आलेली माणसे आणि गळालेली माणसे यांची बेरीज करून त्यावर दर काढा, नाहीतर दोनशे व्ह्यूजचा व्हिडिओ दोन हजारांच्या व्हिडिओएवढा बोलतो. चारही व्हिडिओंचे आकडे प्रकाशनानंतरच्या सारख्याच दिवसांचे घ्या. पहिल्या दिवसांत आपले नेहमीचे प्रेक्षक जास्त असतात, नंतर सर्चमधून आलेले अनोळखी लोक वाढतात, आणि त्यांची सहनशक्ती वेगळी असते. स्टुडिओच्या आलेखात सबस्क्राइब केलेले आणि न केलेले असे वेगळे पाहता येते. जमल्यास दोन्हींचा दर वेगळा काढा.

मजकूर आणि शॉट वेगळे करण्यासाठी या चार व्हिडिओंत अदलाबदल मुद्दाम घडवून आणावी लागेल. यूट्यूब एकाच व्हिडिओची दोन संकलने दोन गटांना दाखवून तपासू देत नाही, म्हणून हे काम विषय सारखे निवडून करावे. आपल्याकडे त्यासाठी उत्तम जागा आहे: प्रत्येक व्हिडिओत आपण एखाद्या रकान्याचा अर्थ समजावता. सातबाऱ्यात ‘भोगवटादार वर्ग’ समजावताना चेहरा ठेवा आणि ‘इतर हक्क’ समजावताना उताऱ्याचा तो रकाना पडदाभर दाखवून मागून बोला. पुढचा आठ-अचा व्हिडिओ करताना क्रम उलटा करा: आधी येणारे स्पष्टीकरण कागदावर, नंतरचे चेहऱ्यावर. अशी दोनदा अदलाबदल झाली की मजकुराचा प्रकार तोच, जागाही आलटून-पालटून तीच, आणि बदलतो तो केवळ शॉट. प्रत्येक तुकडा चाळीस सेकंदांच्या आसपास ठेवा, म्हणजे आठ मिनिटांच्या व्हिडिओत त्याला आठ बिंदू मिळतात आणि टोकाचे दोन सोडूनही सहा उरतात.

पहिल्या ५० सेकंदांचे काय करायचे, तेही आपण आजच ठरवू शकता. तिथे नमस्कार, चॅनेलची ओळख आणि सातबाऱ्याचे महत्त्व आहे. आणि ज्याने ‘सातबारा कसा काढायचा’ असे शोधून व्हिडिओ उघडला आहे, त्याला महत्त्व ठाऊक आहे. पहिल्याच वाक्याला डाउनलोड झालेला, डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा पडद्यावर आणा, हा तीन टप्प्यांत मिळतो असे सांगा, आणि वीस सेकंदांच्या आत संकेतस्थळ उघडा. हा बदल केल्यावर मात्र स्क्रीन १ लवकर सुरू होईल आणि पहिल्या मिनिटातली गळती तिच्या नावावर चढेल. तेव्हा तिचा दर अचानक ११ वरून पंचवीस-तीसवर गेलेला दिसला तर घाबरून ती कापू नका. पहिले मिनिट वगळून, म्हणजे १:०० पासून पुढचाच दर जुन्या ११ शी ताडून पाहा.

पुढच्या व्हिडिओत स्क्रीनचा पट्टा मोठा करणे आणि सुरुवात आखडणे हे दोन बदल अदलाबदलीच्या प्रयोगाआधी, चारही व्हिडिओंत सारखेच करून घ्या. बी-रोल २ सारख्या जागी वातावरणाचे दृश्य आठ सेकंदांवर आणा, हेलपाट्यांच्या आठवणी काढून टाका आणि उरलेल्या वेळात ज्या रकान्याबद्दल लोक अभिप्रायांत सर्वाधिक विचारतात तो दाखवा. चौथा व्हिडिओ महिनाभर चालू द्या आणि मग चारही शीट एकत्र करून बेरजा मांडा.